मिठाईच्या दुकानाचं सणाच्या बल्क ऑर्डरचं पान: मेटा डिस्क्रिप्शन कसं लिहायचं

गूगलवर काही शोधलं की निळ्या शीर्षकाखाली करड्या रंगात दोन-तीन ओळी दिसतात. त्या ओळींसाठी आपण पानाच्या कोडमध्ये जो मजकूर लिहून ठेवतो, तो मेटा डिस्क्रिप्शन. पानावर तो कुठंच दिसत नाही. या ओळींमुळं आपलं पान वर येत नाही, कारण क्रमवारी ठरवताना मेटा डिस्क्रिप्शन विचारात घेत नाही असं गूगलनं २००९ सालीच सांगितलं आहे. या ओळींचं काम वेगळं आहे. पान दिसल्यावर माणूस त्यावर बोट ठेवतो की खालच्या दुकानाकडं जातो, हे तिथं ठरतं.

तालुक्याच्या गावातल्या मिठाईच्या दुकानाला हे पान वर्षातून दोन-तीनदाच उपयोगी पडतं: गणपती, दसरा-दिवाळी आणि कुठं रक्षाबंधन. पण त्या वेळी येणारं गिऱ्हाईक एक किलो पेढ्यांचं नसतं. पतसंस्थेला सभासदांना बॉक्स द्यायचे असतात, मार्केट यार्डातल्या आडत्याला शेतकऱ्यांना द्यायचे असतात, शाळेला शिक्षकांना, डाळ मिलला कामगारांना. असं एक गिऱ्हाईक म्हणजे शंभर-दोनशे बॉक्स. म्हणून या एका पानाच्या दोन ओळींवर तासभर खर्च करणं परवडतं.

उदाहरणासाठी बार्शी घेऊ. दुकान बार्शीतलं, सण २०२६ची दिवाळी, लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, तिथं तुमच्या दुकानाचे घाला.

आधी फोन ऐका, मग लिहा

कॉम्प्युटर उघडण्याआधी दुकानाच्या काउंटरवर दुपारभर बसा. दसऱ्याच्या आसपासचा दिवस असेल तर उत्तम. नसेल तर मालकांना किंवा फोन घेणाऱ्या मुलाला विचारा की जास्तीच्या ऑर्डरचा फोन आला की समोरचा पहिलं काय विचारतो. मी एका दुकानात असाच बसलो होतो, मांडीवर वही घेऊन. आलेले प्रश्न जसेच्या तसे लिहिले:

"कमीत कमी किती घ्यावे लागतील?"

"पाव किलोत बसवून देता का?"

"कधीपर्यंत सांगितलं तर चालंल?"

"वैरागला आणून द्याल का, का आम्हीच गाडी पाठवू?"

"पतसंस्थेच्या नावानं बिल मिळंल ना?"

मिठाई चांगली आहे का, असं एकानंही विचारलं नाही. गावात दुकान माहीत असतं, चव माहीत असते. न माहीत असलेल्यालाही कोणी फोनवर "तुमची मिठाई उत्कृष्ट आहे का" असं विचारत नाही. तरी बहुतेक दुकानांच्या पानांवर जे मेटा डिस्क्रिप्शन सापडतं ते साधारण असं असतं:

```html
<meta name="description" content="सणासुदीसाठी शुद्ध, चविष्ट व उत्कृष्ट दर्जाची मिठाई योग्य दरात. विश्वासाची परंपरा. आजच संपर्क साधा.">
```

यात चूक काहीच नाही, पण वहीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. हेच वाक्य पुण्यातल्या, लातूरमधल्या किंवा कुठल्याही दुकानाला लागू पडतं. सणासाठी की लग्नासाठी हेही नीट कळत नाही. पतसंस्थेचा कारकून पाच दुकानांच्या अशा पाच ओळी वाचतो आणि शेवटी नेहमीच्याच दुकानाला फोन करतो.

"शुद्ध तुपातील" या शब्दांबद्दल इथंच सांगतो. दुकानातल्या सगळ्या मिठाया साजूक तुपातल्या असतील तरच ते लिहा. काही तुपातल्या आणि काही डालड्यातल्या असतील तर तो तपशील पानावर प्रत्येक मिठाईपुढं द्या. दोन ओळींत सरसकट दावा करू नका.

पाचातलं काय पुढं ठेवायचं

पाचही उत्तरं दोन ओळींत बसवायची, पण क्रम महत्त्वाचा आहे. गूगलनं अक्षरांची मर्यादा ठरवून दिलेली नाही. स्क्रीनच्या रुंदीत मावेल तेवढं दाखवतो आणि उरलेलं तोडून पुढं तीन टिंबं टाकतो. फोनवर आणि कॉम्प्युटरवर वेगळं तुटतं. म्हणून असं धरून चाला की शेवटचा तुकडा काहींना दिसणारच नाही, आणि ज्याच्यावाचून अडेल ते पहिल्या वाक्यात संपवा.

माझ्या मते पहिल्या वाक्यात चार गोष्टी हव्यात: गाव, सण, किमान किती, आणि कधीपर्यंत. गाव यासाठी की माणूस गावाचं नाव घालूनच शोधतो, आणि शोधलेले शब्द ओळींत असले तर गूगल ते बऱ्याचदा ठळक करून दाखवतो. किमान किती हे लिहायला मालक कचरतात. "लिहिलं तर लहान गिऱ्हाईक तुटंल" म्हणतात. पण पाच बॉक्सवाल्याला हे पान नकोच आहे, तो दुकानात येऊन घेऊन जाणार आहे. आकडा लिहिला की ऐन गर्दीत त्याचा फोन वाचतो आणि दोनशे बॉक्सवाल्याला कळतं की इथं मोठ्या ऑर्डरची सवय आहे.

पोच, बिल, बॉक्सवर नाव छापून देणं हे दुसऱ्या वाक्यात. त्यातलं शेवटचं तुटलं तरी नुकसान होत नाही.

दुकानाचं नाव इथं घालू नका. ते वरच्या निळ्या शीर्षकात असतंच, दुसऱ्यांदा घालून जागा कशाला अडवायची? फोन नंबरही नको. या ओळींतल्या नंबरावर बोट ठेवून फोन लागेल असा भरवसा नसतो, फोन लावायचं बटण पानावर सगळ्यात वर ठेवा. भाव तर मुळीच नको. खवा, काजू, तूप यांचे भाव दिवाळीच्या तोंडावर हलतात, आणि गूगलवर जुनी ओळ दिसत राहिली तर गिऱ्हाईक तोच भाव धरून बसतं.

एका शब्दावर जरा थांबतो. "बल्क ऑर्डर" म्हणायचं की "घाऊक"? मराठीत घाऊक हा शब्द चांगला आहे, पण बाजारात तो ऐकला की विकत घेऊन पुढं विकणारा माणूस येतो. किराणा दुकानदार, स्टॉलवाले "होलसेलचा रेट काय" विचारत फोन करतात. पतसंस्था आणि शाळा स्वतःला घाऊक गिऱ्हाईक समजत नाहीत. ते "बल्क ऑर्डर" किंवा "जास्तीची ऑर्डर" म्हणतात. म्हणून मी बल्क ऑर्डर लिहितो.

एक वाक्य बांधून पाहू

पहिला खर्डा मी असा केला: "दिवाळीनिमित्त बार्शी व परिसरातील संस्था, शाळा, कारखाने व व्यापारी यांच्यासाठी मिठाईच्या बल्क ऑर्डर स्वीकारल्या जातील." ऐकायला बरं आहे, पण निम्मी जागा "कोणासाठी" यातच गेली. वाचणाऱ्याला आपण शाळेतले आहोत हे माहीत असतं, त्याला ते सांगायला नको. "स्वीकारल्या जातील" हे शब्दही निविदेतले आहेत, दुकानातले नाहीत. दोन्ही काढले आणि फोनवर मुलगा जसं सांगतो तसं लिहिलं:

```html
<meta name="description" content="बार्शीत दिवाळीच्या मिठाईची बल्क ऑर्डर: पाव किलोचे किमान ४० बॉक्स, ३१ ऑक्टोबरपर्यंत नोंदवा. शहरात मोफत पोच, वैराग-पांगरीपर्यंत गाडी. जीएसटी बिल मिळेल.">
```

पाव किलोचे चाळीस बॉक्स म्हणजे दहा किलो. दोन्हींपैकी बॉक्सचा आकडा घेतला, कारण संस्थेचा माणूस माणसं मोजतो, किलो नाही. चाळीस सभासद म्हणजे चाळीस बॉक्स, हे त्याला लगेच जुळतं. "मोफत पोच" हे तुम्ही खरंच देत असाल तरच. ठरावीक बॉक्सच्या पुढंच मोफत असेल तर इथं फक्त "शहरात पोच" लिहा आणि अट पानावर सांगा.

लांबी मोजताना मराठीत होणारा घोटाळा

इंग्रजीतले सल्ले सांगतात की दीडशेच्या आसपास अक्षरं ठेवा. मराठीत अक्षर म्हणजे काय हे आधी पाहायला हवं. कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतो. "मिठाई" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटर पाच मोजतो: म, वेलांटी, ठ, काना, ई. "पर्यंत" आपल्याला तीन, त्याला सहा.

मोजायची सोपी रीत अशी. गूगल शीट्समध्ये ओळ `A1` या चौकटीत चिकटवा आणि शेजारी लिहा:

```
=LEN(A1)
```

वरच्या ओळीचं उत्तर १४९ येतं. पहिलं वाक्य, "नोंदवा." पर्यंतचं, ९० वर संपतं. मला हवं होतं ते हेच: कुठंही तुटलं तरी गाव, सण, आकडा आणि तारीख शाबूत राहावी. मोजमापात मात्रा धरलेल्या असल्यामुळं मराठी ओळ दिसायला त्याच आकड्याच्या इंग्रजी ओळीपेक्षा बहुतेक वेळा आखूड असते. त्यामुळं १६० आले तरी घाबरू नका, पण पहिलं वाक्य शंभराच्या आत ठेवा. मोजून झालं की ओळ स्वतःच्या फोनवर एकदा वाचून बघा.

तारीख: सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात धोक्याची

हा भाग मी चूक करून शिकलो. २०२४ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. एका दुकानासाठी मी "२४ ऑक्टोबरपर्यंत नोंदवा" असं लिहिलं आणि त्या वर्षी ते छान चाललं. पुढच्या वर्षी पानावरचा मजकूर बदलला, मिठायांची यादी बदलली, पण मेटा डिस्क्रिप्शन पानावर दिसत नसल्यामुळं ते तसंच राहिलं. २०२५ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आलं. १६ तारखेला एका शाळेतून तीनशे बॉक्ससाठी फोन आला. मालक म्हणाले, कढया भरल्यात, आता जमणार नाही. बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्याच पानावर चोवीसपर्यंत लिहिलंय." दिवाळी होऊन गेल्यानंतरची तारीख आम्ही दाखवत होतो. बाईंनी ती दिवाळीशी ताडून पाहिली नव्हती, आणि का पाहावी? मालकांना त्यांची माफी मागावी लागली.

तेव्हापासून मी तारीख लिहिण्याआधी एकच विचारतो: ती बदलण्याची जबाबदारी कोणाची? नाव सांगता येत असेल तर तारीख लिहावी, ती खरंच कामाची असते. तसं कोणी नसेल तर तारखेऐवजी असं लिहा: "लक्ष्मीपूजनाआधी आठ दिवस नोंदवा." २०२६साठी याचा अर्थ ३१ ऑक्टोबरच होतो, आणि पुढच्या वर्षी कोणी हात लावला नाही तरी ते खरंच राहतं. जागा थोडी जास्त जाते, मग गाडीचा तुकडा काढून टाका.

पानात कुठं घालायचं

वेबसाइट वर्डप्रेसवर असेल आणि त्यात योस्ट हे प्लगइन बसवलेलं असेल तर पान संपादित करताना खाली `Meta description` नावाची चौकट मिळते. ओळ तिथं चिकटवायची आणि पान अपडेट करायचं. दुसरी कुठली सोय वापरत असाल तर तिथंही पानाच्या सर्च सेटिंगमध्ये याच नावाची चौकट शोधा. हातानं एचटीएमएल लिहिणाऱ्यांनी वरची ओळ `<head>` मध्ये घालावी आणि तिच्या वर `<meta charset="utf-8">` आहे ना ते पाहावं. हातानं लिहिताना मजकुरात दुहेरी अवतरणचिन्ह येऊ देऊ नका. "खास" असं अवतरणात लिहिलंत की ब्राउझर मजकूर तिथंच संपला असं समजतो आणि पुढचं सगळं गायब होतं.

मग तपासा. फोनवर क्रोममध्ये पत्त्याच्या आधी `view-source:` लिहून पान उघडा, कॉम्प्युटरवर `Ctrl+U` दाबा, आणि `name="description"` शोधा. ते एकदाच सापडलं पाहिजे. दोनदा सापडलं तर बहुधा एक थीम घालते आहे आणि एक योस्ट. थीमच्या सेटिंगमधलं बंद करा.

एक वेगळी ओळही तिथंच पाहून घ्या, `og:description`. पानाची लिंक व्हॉट्सअॅपवर पाठवल्यावर खाली जो छोटा मजकूर दिसतो तो इथून येतो. तालुक्याच्या गावात ऑर्डरचं पान गूगलइतकंच, कधी जास्तच, व्हॉट्सअॅपवरून फिरतं: शाळेतला शिपाई मुख्याध्यापकांना पाठवतो, मुख्याध्यापक संस्थेच्या ग्रुपवर टाकतात. योस्टमध्ये सोशलची चौकट रिकामी ठेवली तर मेटा डिस्क्रिप्शनच तिथं जातं, ते आपल्याला चालतं. स्वतःच्याच नंबरवर लिंक पाठवून बघा.

गूगलनं दुसरंच काही दाखवलं तर

असं पुष्कळदा होतं. माणसानं जे शोधलं त्याला पानावरचा दुसरा मजकूर जास्त जुळतो असं वाटलं तर गूगल आपली ओळ बाजूला ठेवून पानातलंच एखादं वाक्य उचलतो. हे थांबवता येत नाही. पण उचलण्यासारखं चांगलं वाक्य पानावर ठेवणं आपल्या हातात आहे.

इथं बहुतेक दुकानं एकच चूक करतात. दिवाळीचं पोस्टर डिझायनरकडून करून घेतात आणि पानावर फक्त तोच फोटो टाकतात. मिठाया, पॅकिंग, तारीख, सगळं त्या चित्रात. गूगलला उचलायला पानावर लिखित मजकूर उरतो तो मेनूमधला: "मुख्यपान, आमच्याविषयी, संपर्क". मग करड्या ओळींत तेच दिसतं. पोस्टर जरूर ठेवा, पण त्याच्या वर दोन-तीन वाक्यांचा साधा परिच्छेद लिहा. त्यात मेटा डिस्क्रिप्शनमधलीच माहिती जरा मोकळेपणानं सांगा: किमान चाळीस बॉक्स, कोणत्या मिठाया, किती दिवस टिकतात, गाडी कुठपर्यंत. गूगलनं काहीही उचललं तरी मग ते खरं आणि उपयोगी असेल.

अनेकजण इंग्रजी लिपीत शोधतात, `diwali sweets bulk order barshi` असं. मराठी ओळीत इंग्रजी शब्द कोंबून ती खिचडी करू नका. अशा गिऱ्हाइकांची संख्या मोठी वाटत असेल तर इंग्रजीतलं वेगळं पान करा आणि त्याला स्वतःचं डिस्क्रिप्शन द्या.

सणाआधी आणि सणानंतर

पानाचा पत्ता दरवर्षी नवा करू नका. `/diwali-2026` ऐवजी `/bulk-order` ठेवा, म्हणजे गूगलला आणि गिऱ्हाइकांनाही तो ओळखीचा राहतो. ओळ बदलली की गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात पानाचा पत्ता वरच्या पट्टीत टाकून `Request indexing` दाबा. त्यानंतरही नवी ओळ दिसायला कधी दोन दिवस लागतात, कधी दोन आठवडे. म्हणून दिवाळीची ओळ दसऱ्याच्या आधी चढवा. २०२६ला दसरा २० ऑक्टोबरला आहे, मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चढवीन.

सर्च कन्सोलमध्ये पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी उघडलं तेही कळतं. पण तालुक्याच्या गावात हे आकडे लहान असतात. साठ वेळा दिसलं आणि सात जणांनी उघडलं यावरून ओळ चांगली की वाईट हे ठरवता येत नाही. त्यापेक्षा काउंटरवरची तीच वही वापरा. फोन करणारा अजून "कमीत कमी किती" असंच विचारत असेल तर त्याला ओळ दिसलेली नाही किंवा कळलेली नाही. "साठ बॉक्स हवेत, गुरुवारी पाठवाल का" अशी सुरुवात होऊ लागली की ओळ काम करते आहे.

३१ ऑक्टोबरला रात्री नोंदणी बंद झाली की पानाच्या माथ्यावर तसं ठळक लिहा, कारण गूगलवरची ओळ त्या रात्री बदलणार नाही. आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मेटा डिस्क्रिप्शन बदलून हे घाला:

```html
<meta name="description" content="बार्शीत सण आणि लग्नासाठी मिठाईची बल्क ऑर्डर: पाव किलोचे किमान ४० बॉक्स, आठ दिवस आधी नोंदवा. शहरात पोच, जीएसटी बिल मिळेल.">
```

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा हीच ओळ कामाला येते.